नूडल्स गिचका का होतात? वोकवरच्या उष्णतेचा जमाखर्च

हॉटेलात मागवलेल्या फ्राइड नूडल्स दोन-तीन मिनिटांत समोर येतात, आणि तरीही त्यांतली प्रत्येक नूडल सुटी असते, भाजी कुरकुरीत असते, ताटाच्या तळाशी पाणी साचलेले नसते. त्याच भाज्या, तोच सोया सॉस आणि त्याच नूडल्स घेऊन घरी प्रयत्न केला की मात्र पुष्कळदा ओलसर, फिकट आणि एकमेकींना चिकटलेला ढीग तयार होतो. सॉसमध्ये काहीतरी गुपित असावे, असा यावरून बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हा फरक मुख्यतः पाण्याचा आहे. पदार्थात किती पाणी आले आणि ते किती वेगाने उडून गेले, यावर जवळजवळ सारे ठरते. सॉस आधी मिसळून ठेवणे, भाज्या कोरड्या करणे, एका वेळी थोडाच माल टाकणे, आच कमी-जास्त करणे या स्वयंपाक्याच्या सगळ्या सवयींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पाणी उडवणे एवढे महाग का पडते?

वोक म्हणजे खोलगट, पातळ पत्र्याची कढई. ती बहुधा कार्बन स्टीलची, म्हणजे साध्या पोलादाची असते. तिचा तळ सहज 250 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. पाण्याचे तापमान मात्र ते उकळत असेपर्यंत 100 अंशांच्या वर जात नाही. भाजणीचा खमंगपणा आणि तपकिरी रंग ज्या रासायनिक क्रियेतून येतो, ती 140 अंशांच्या आसपास वेग घेते. त्यामुळे नूडलच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर आहे तोवर ती नूडल उकडते, परतली जात नाही, मग खालची ज्योत कितीही मोठी असो.

हा थर घालवण्याची किंमत मोठी आहे. एक किलो पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला सुमारे 75 किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी पुढे वाफेत बदलायला आणखी 540 किलोकॅलरी लागतात, म्हणजे सात पटींहून जास्त. वोकमध्ये पडलेला प्रत्येक जादा चमचा पाणी ही किंमत वसूल करतोच.

शिल्लक किती, आवक किती?

हा हिशेब घरखर्चासारखा मांडला की लगेच कळतो. रिकामा वोक तापवताना त्याच्या पत्र्यात जी उष्णता साठते ती शिल्लक, बर्नरमधून सतत मिळते ती आवक आणि पदार्थ गरम करून त्यातले पाणी उडवायला लागते तो खर्च. आता एका प्लेटचा ढोबळ हिशेब करून पाहू.

दीड किलोचा पोलादी वोक 250 अंशांपर्यंत तापवला आणि माल पडल्यावर तो 150 अंशांपर्यंत उतरला, तर त्याने साधारण 17 किलोकॅलरी दिल्या. ही झाली शिल्लक. घरच्या गॅसचा मोठा बर्नर सुमारे तीन किलोवॉटचा असतो आणि त्यातली बरीच उष्णता कडेने हवेत जाते. प्रत्यक्ष वोकला मिनिटाला साधारण 16 किलोकॅलरी मिळतात असे धरू. व्यावसायिक वोक-बर्नर 25 ते 30 किलोवॉटचा असतो. त्याची नासाडी प्रमाणात अधिक असली तरी मिनिटाला 85 किलोकॅलरींच्या आसपास उष्णता वोकच्या पदरात पडते. ही झाली आवक.

आता खर्च. एका प्लेटसाठी 200 ग्रॅम उकडलेल्या नूडल्स आणि 100 ग्रॅम भाजी घेतली, तर ती गरम करायलाच 17-18 किलोकॅलरी लागतात. नूडल्सवरचा ओलावा, भाजीतून सुटणारे पाणी आणि सॉसमधले पाणी मिळून 50 ग्रॅम पाणी उडवायचे असेल, तर आणखी 27 किलोकॅलरी लागतात. एकूण खर्च 45 च्या घरात जातो. त्यातून शिल्लक वजा केली की 28 उरतात. त्या भरून काढायला घरच्या बर्नरला पावणेदोन मिनिटे लागतात, व्यावसायिक बर्नरला वीस सेकंद पुरतात.

खरी मेख पुढे आहे. वेळ वाचवायचा म्हणून घरी दोन प्लेटींचा माल एकदम टाकला, तर खर्च दुप्पट होऊन 90 होतो, पण शिल्लक मात्र तेवढीच, 17 राहते. उरलेल्या 73 किलोकॅलरी भरायला साडेचार मिनिटांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे माल दुप्पट केला आणि वेळ अडीच पटींहून अधिक झाला. या वाढीव वेळात भाजी मऊ पडून आणखी पाणी सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम या आकड्यांपेक्षाही वाईट असतो. घरी दोन प्लेटी लागोपाठ केल्या तर मधे वोक पुन्हा तापवायचे मिनिटभर धरूनही एकूण वेळ वाढत नाही, हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब तेच सांगतो. मोठ्या बर्नरवर दोन प्लेटी पन्नास-एक सेकंदांत कोरड्या होतात, म्हणून तिथला स्वयंपाकी त्या एकत्र टाकू शकतो. मात्र चार-पाच प्लेटी एकदम टाकल्या, तर तोही याच अडचणीत सापडतो.

मग जाड, जड कढई घेतली तर?

हा प्रश्न रास्त आहे, कारण तीन किलोच्या बिडाच्या कढईत शिल्लक दुप्पट असते. कमी ताकदीच्या बर्नरवर एका प्लेटीसाठी तिचा खरोखर उपयोग होतो. पण तिला तापायला बराच वेळ लागतो आणि एकदा गार पडली की पुन्हा वर यायलाही तेवढाच. शिवाय सॉस करपू लागला तर ती पटकन थंड करता येत नाही, उचलून माल उडवणेही अवघड जाते. रांगेने प्लेटी काढायच्या असतील तर पातळ पोलादी वोकच बरा. नॉनस्टिक भांडे मात्र या कामाला वापरू नये. त्यावरचा लेप 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामे भांडे मोठ्या आचेवर तिथवर फार लवकर पोहोचते.

अर्धे काम आच पेटवण्याआधीच

आवक वाढवणे आपल्या हाती नसेल, तर खर्च कमी करणे नक्कीच असते. नूडल्स पाकिटावरच्या वेळेच्या तीन-चतुर्थांश वेळच उकडाव्यात. एक नूडल तोडून पाहिली तर मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. लगेच गार पाण्याखाली धरून शिजणे थांबवावे आणि वरची पिठूळ साय धुऊन काढावी. चाळणीत चांगल्या निथळू द्याव्यात, प्लेटीमागे एक चमचा तेल चोळावे आणि रुंद ताटात पसरून ठेवाव्यात. नीट न निथळलेल्या नूडल्सबरोबर प्लेटीमागे 40 ग्रॅम पाणी सहज आत येते आणि घरच्या बर्नरवर ते उडवायलाच दीड मिनिट जाते. एवढ्या वेळात त्या उरलेल्या शिजून लगदा होतात.

भाज्यांचेही तसेच. कोबी, गाजर, ढोबळी मिरची आधी धुऊन, पूर्ण वाळवून मग चिरावी आणि चिरलेला माल भांड्यात दाबून भरू नये. मीठ लावून ठेवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते.

सॉस ऐन वेळी का ओतू नये?

चार बाटल्या हाताशी असताना वेगळे मिश्रण कशाला, असे वाटू शकते. पण पावणेदोन मिनिटांच्या कामात चार झाकणे उघडून चार मापे घ्यायला पंधरा-वीस सेकंद जातात. पहिला सॉस पडलेला असतो, चौथा अजून यायचा असतो आणि मधल्या वेळात साखर असलेला भाग करपतो किंवा नूडल्स एका बाजूला काळ्या, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या राहतात. तयार मिश्रण एकाच ओतण्यात पडते आणि प्रत्येक प्लेटीची चव सारखी येते.

वीस प्लेटींसाठी एक साधे मिश्रण असे करता येते. 300 मिलिलिटर लाइट सोया सॉस, 60 मिलिलिटर डार्क सोया सॉस, 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम पांढरी मिरपूड. लाइट सोया खारटपणासाठी असतो, डार्क सोया मुख्यतः रंगासाठी. थोडा सोया कोमट करून त्यात साखर पूर्ण विरघळवावी आणि मग बाकीचे मिसळावे. हे सारे मिळून साधारण 400 मिलिलिटर होते, म्हणजे प्लेटीला 20 मिलिलिटर पडतात. यात पाणी किंवा स्टॉक मुळीच नाही, कारण पुन्हा उडवावे लागणारे पाणी आपल्याच हाताने घालण्यात अर्थ नाही. या 20 मिलिलिटरमध्ये तीन ग्रॅमच्या आसपास मीठ असते, आणि सुमारे तीनशे ग्रॅमच्या प्लेटीला तेवढे पुरते. नूडल्स उकडताना पाण्यात मीठ घातले असेल, तर हे प्रमाण कमी करावे लागेल. सोया सॉसचा खारटपणा बाटलीगणिक बदलतो. म्हणून नवी बाटली आणली की आधी एक प्लेट करून चव पाहावी आणि मगच पूर्ण मिश्रण बनवावे.

काही गोष्टी या बाटलीत न घातलेल्या बऱ्या. व्हिनेगर आधी मिसळले तर तापलेल्या पत्र्यावर त्याचा आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो, म्हणून ते शेवटी, आच बंद करताना चमचाभर घालावे. तिळाच्या तेलाचा वासही तसाच उडून जातो. कॉर्नफ्लोअर तळाशी बसते, त्यामुळे पहिल्या प्लेटीला ते मिळतच नाही आणि शेवटच्या प्लेटीची खळ होते. ते फक्त ग्रेव्हीच्या पदार्थांसाठी, वेगळ्या वाटीत पाण्यात कालवून ठेवावे. ठेचलेला लसूण तर मिश्रणात नकोच. तो कच्चाच वेगळा तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवणेही धोक्याचे असते, कारण हवा न लागणाऱ्या त्या जागी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात. तो लागेल तेवढाच ताजा ठेचावा किंवा फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा.

आच म्हणजे नुसती गॅसची चावी नव्हे

आता हीच प्लेट पेटत्या बर्नरवर पाहू. रिकामा वोक मोठ्या आचेवर ठेवावा. तो तापला का, हे पाण्याच्या एका थेंबावरून कळते. थेंब चरचरून जागीच आटला तर वोक अजून कमी तापलेला आहे. थेंब गोळी होऊन पत्र्यावर पळू लागला, तर तापमान 200 अंशांच्या आसपास किंवा वर गेले आहे. मग दीड चमचा रिफाइंड तेल घालून ते काठापर्यंत फिरवावे. तेलातून निळसर धुराची पहिली रेघ दिसली की लसूण टाकावा आणि पाच सेकंदांत, तो तपकिरी होण्याआधी, भाजी टाकावी.

भाजी अर्धा मिनिट परतून घरच्या बर्नरवर ती बाहेर काढून ठेवावी. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, पण कमी आचेवर सगळ्यात जास्त फरक हीच पाडते, कारण वोकला पुन्हा शिल्लक जमवायला अवधी मिळतो. वोक परत धुरकट होईपर्यंत तापला की थोडे तेल घालून नूडल्स टाकाव्यात, पसरवाव्यात आणि दहा सेकंद अजिबात हलवू नयेत. सतत ढवळत राहिले तर पत्र्याला टेकणारी बाजू तापायच्या आतच बदलते आणि तपकिरी रंग कुठेच धरत नाही. मग उलटून मोकळ्या कराव्यात, भाजी परत घालावी आणि सॉसचे मिश्रण नूडल्सवर न ओतता वोकच्या मोकळ्या काठावर गोल फिरवून ओतावे. तापलेल्या काठावर ते क्षणात फसफसते, त्यातले पाणी उडते, साखर आणि सोया किंचित भाजले जातात आणि मग ते खाली उतरते. पंधरा सेकंद उलटसुलट केले की आच बंद.

या सगळ्यात कान आणि डोळे थर्मामीटरइतकेच उपयोगी पडतात. कडक, सुटी चरचर ऐकू येत असेल तर पाणी आले तसे उडते आहे. आवाज मंद होऊन खदखद सुरू झाली, तर खर्च आवकेच्या वर गेला आहे. अशा वेळी सॉस घालायला थांबावे, माल काठांवर पसरवावा आणि तळ मोकळा करावा. सॉस काठावर न फसफसता सरळ तळाशी ओघळून साचला, तर तेही त्याचेच लक्षण. उलट, पांढऱ्या वाफेऐवजी निळा, डोळ्यांना झोंबणारा धूर येऊ लागला तर साखर करपते आहे आणि दोन-तीन सेकंदांत प्लेट कडू होईल. तेव्हा चावी फिरवण्यापेक्षा वोक ज्योतीवरून उचलणे लवकर होते. व्यावसायिक शेगडीला गुडघ्याने चालणारी गॅसची चावी असते, ती हात मोकळे ठेवून आच क्षणात कमी-जास्त करता यावी म्हणूनच.

वोक उडवण्यामागेही हेच कारण आहे. जॉर्जिया टेक विद्यापीठातील हुंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी 2020 साली फ्राइड राइस परतणाऱ्या व्यावसायिक स्वयंपाक्यांच्या चित्रफितींवरून या हालचालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वोक पुढे-मागे सरकत असतानाच सी-सॉच्या फळीसारखा वर-खाली झुकतो आणि एका फेरीला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, असे त्यांना आढळले. हवेत उडालेला दाणा वाफ सोडतो, जरा निवतो आणि पुन्हा पत्र्यावर येतो, म्हणून एवढ्या आचेवरही तो करपत नाही. लहान बर्नरवर मात्र असे सतत उडवणे तोट्याचे ठरते, कारण वोक ज्योतीपासून दूर गेला की तेवढा वेळ आवक घटते. तिथे उलथण्याने खालचा माल वर आणणे पुरेसे आहे.

एक प्लेट उतरली की पुढचीच्या आधी वोक गरम पाण्याने आणि ब्रशने घासून, आचेवर पूर्ण वाळवावा. मागच्या प्लेटीचा सॉस तळाशी राहिला तर तो पुढच्या प्लेटीत काळ्या कणांच्या आणि कडवट चवीच्या रूपाने उतरतो. तिसऱ्या-चौथ्या प्लेटीपासून चव बिघडत जाते, ती बहुधा यामुळेच.

भाताला हाच नियम, पण दोन फरकांसह

फ्राइड राइससाठी शिळाच भात हवा, असे सांगितले जाते. भात गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि फ्रिजमध्ये दाण्याचा पृष्ठभाग कोरडाही होतो, त्यामुळे दाणा तुटत नाही आणि चिकटत नाही. पण यात शिळेपणाचे महत्त्व कमी आणि कोरडेपणाचे जास्त. जरा कमी पाण्यात शिजवलेला लांब दाण्याचा ताजा भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवला, तर तोही चांगला परतला जातो. भात फ्रिजमधला असो वा ताजा, गोळे आधीच हाताने फोडून घ्यावेत. वोकमध्ये फोडायला गेले की अर्धा मिनिट वाया जातो आणि दाणे मोडतात.

पहिला फरक सॉसचा आहे. भात पातळ पदार्थ लगेच शोषून घेतो, आणि ज्या दाण्यांवर तो आधी पडला तेच तो पितात. म्हणून भाताला मिश्रण निम्मे, प्लेटीला 10 मिलिलिटर द्यावे, तेही काठावरून, आणि उरलेला खारटपणा कोरड्या मिठाने पुरा करावा.

दुसरा फरक सुरक्षिततेचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला इतके दाद देत नाही की धुरकट वोकवर दोन मिनिटे परतल्यानेही ते नष्ट होत नाही. म्हणजे इथे मोठी आच कामाला येत नाही, लवकर गार करणेच कामाला येते. भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला तर त्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. तो उथळ ताटांत दोन बोटांहून जाड थर न करता पसरावा, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये पाच अंशांच्या खाली ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाकावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला वास येत नसला, तो चिकटही झालेला नसला, तरी तो टाकून द्यावा, कारण हे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.